रिमलेस, सुप्रा की फुल रिम? मायनस सहाच्या नंबरला काय टिकेल, काय हलकं पडेल, काय पातळ दिसेल

मुक्ता_कर्वेनगर

नमस्कार मंडळी. चष्मा बदलायचा आहे आणि तीन दुकानांत तीन वेगवेगळे सल्ले मिळालेत, म्हणून हा धागा काढतेय.

माझा नंबर: उजवा डोळा मायनस ६.००, सिलेंडर मायनस १.५०, अ‍ॅक्सिस १८०. डावा डोळा मायनस ६.००, सिलेंडर मायनस १.००, अ‍ॅक्सिस ९०. पीडी, म्हणजे दोन बुबुळांमधलं अंतर, ६२. सध्या जाड काळी शेलची फ्रेम आहे, आतल्या बाजूला ५४□१८ असं लिहिलेलं आहे. संध्याकाळपर्यंत नाकावर दोन लाल खळगे पडतात आणि बाहेरच्या कडेला काच फ्रेमच्याही मागे आलेली दिसते. फोटोत चेहऱ्याची कड आत ओढल्यासारखी येते तो भाग वेगळाच.

लक्ष्मी रोडवरच्या एका दुकानात म्हणाले, "रिमलेस घ्या, सगळ्यात हलकी." टिळक रोडला म्हणाले, "या नंबरला रिमलेस नकोच, सुप्रा घ्या," म्हणजे वर रिम आणि खाली काच बारीक तारेने धरलेली. तिसरीकडे फ्रेम कुठलीही घ्या पण काच १.७४ चीच घ्या, असा आग्रह. तिन्ही ठिकाणी बोलणं अगदी ठाम होतं, पण कारण कुणीच नीट सांगितलं नाही.

रोज कर्वेनगर ते हिंजवडी स्कूटरने जाते, त्यामुळे हेल्मेट दिवसातून दोनदा तरी चढतं-उतरतं. दिवसभर स्क्रीनसमोर काम. टिकाऊपणा, वजन आणि काचेची जाडी, या तिन्हींचा विचार करून कुणी सांगू शकेल का?

रोहित_बाणेर

तिसऱ्या दुकानाचं बरोबर आहे. जाडी ठरते इंडेक्सवर, म्हणजे काचेचं मटेरियल प्रकाश किती वाकवतं त्यावर. १.५ सगळ्यात जाड, मग १.६, १.६७ आणि १.७४ सगळ्यात पातळ. काच पातळ झाली की वजनही कमी झालं. मग फ्रेम आवडेल ती घे. माझा मायनस पाच आहे, १.७४ घातली आणि प्रश्न मिटला. पैसे जातात, पण एकदाच.

जोशीकाका_सदाशिव

मुक्ताताई, मी कित्येक वर्षं रिमलेस वापरतोय. नाकावर काही आहे असं जाणवतच नाही. काचाही छान पातळ. माझा नंबर प्लस साडेतीन. रिमलेसच घ्या, डोळे मिटून घ्या.

अनंत_फिटर

मी चष्म्याच्या फिटिंगच्या टेबलावर बरीच वर्षं काढली आहेत, आता घरून थोडंफार काम करतो. मुक्ताताई, तुम्ही नंबर, पीडी आणि फ्रेमचं माप तिन्ही दिलंत हे फार चांगलं केलंत. बहुतेक लोक नुसता नंबर सांगतात, आणि तेवढ्यावर जाडीबद्दल काहीच सांगता येत नाही.

आधी तुमच्या हातातल्या फ्रेमचं बघू. ५४ ही एका काचेची रुंदी, १८ हे मधल्या पुलाचं अंतर. दोन्ही मिळून ७२. म्हणजे फ्रेमच्या दोन काचांचे मध्य एकमेकांपासून ७२ मिलिमीटरवर आहेत आणि तुमची बुबुळं ६२ वर. फरक १०. त्यामुळे प्रत्येक काचेचा ऑप्टिकल सेंटर ५ मिलिमीटर नाकाकडे सरकवावा लागला. आता त्या सेंटरपासून कानाकडची कड किती लांब गेली? २७ अधिक ५, म्हणजे ३२ मिलिमीटर.

मायनसची काच मध्यावर सगळ्यात पातळ असते आणि सेंटरपासून जितकं लांब जाल तितकी जाड होते. आणि ती अंतराच्या वर्गाने वाढते. अंतर थोडं वाढलं की जाडी भसकन वाढते, ती यामुळेच. तुमच्या उजव्या डोळ्याचा हिशेब १.६ च्या काचेत केला, मध्ये दीड मिलिमीटर धरली, तर कानाकडची कड साधारण ६.६ मिलिमीटर येते. तीच फ्रेम ठेवून १.७४ ची काच घातली तर ५.६ च्या आसपास. एक मिलिमीटर वाचला.

आता फ्रेम बदला, काच १.६ चीच ठेवा. समजा ४८□१८ ची फ्रेम घेतली. ४८ अधिक १८ म्हणजे ६६, फरक फक्त ४, प्रत्येक बाजूला २. कानाकडची कड सेंटरपासून २६ वर आली. जाडी? साधारण ४.९. म्हणजे लहान फ्रेममधली साधी १.६ ही मोठ्या फ्रेममधल्या १.७४ पेक्षा पातळ निघाली, आणि पैसे कितीतरी कमी. हे आकडे सरळ गोलाई धरून काढलेले आहेत, प्रत्यक्षात लॅबप्रमाणे दोन-चार दशांश इकडेतिकडे होतील. क्रम बदलणार नाही.

म्हणून रोहित, इंडेक्समुळे जाडी कमी होते हे खरंच आहे. पण त्याच्या आधी फ्रेमचं माप येतं. ५४ ची फ्रेम निवडून मग १.७४ ला पैसे मोजणं म्हणजे नळ सुरू ठेवून फरशी पुसत बसणं.

रोहित_बाणेर

काका, हिशेब पटला. पण मग लहान फ्रेम आणि १.७४ दोन्ही केलं तर अजून पातळ नाही का होणार? आणि वजन तर कमी होईलच.

अनंत_फिटर

पातळ होईल. २६ च्या अंतरावर १.६ ची ४.९ येते तर १.७४ ची ४.२ च्या जवळपास. पाऊण मिलिमीटरसाठी किती पैसे द्यायचे हे ज्याचं त्याने ठरवावं. वजनाचं मात्र इतकं सरळ नाही. १.७४ चं मटेरियलच जड असतं: एका घनसेंटिमीटरला साधारण १.४७ ग्रॅम. १.६ चं १.३ च्या आसपास. म्हणजे काच जितकी पातळ झाली तितकी हलकी होत नाही, बराचसा फायदा मटेरियल खाऊन टाकतं. हलकेपणा हवा असेल तर काच लहान करणं हाच खरा मार्ग. आणि कापली जाते ती कडेची, म्हणजे नेमकी सगळ्यात जाड आणि जड पट्टी.

अजून एक. मुक्ताताई, तुम्हाला डावी काच उजवीपेक्षा जाड दिसते का?

मुक्ता_कर्वेनगर

हो! आणि मी हे दुकानात विचारलंही होतं. "दोन्ही सहाच आहेत, तुम्हाला भास होतोय" असं उत्तर मिळालं.

अनंत_फिटर

भास नाही. सिलेंडरचा अ‍ॅक्सिस बघा. उजव्या डोळ्याला १८०, म्हणजे आडव्या दिशेत नंबर नुसता मायनस सहा आणि जास्तीचे दीड उभ्या दिशेत. उभ्या दिशेत काच मुळातच आखूड असते, त्यामुळे ते दीड फारसे दिसत नाहीत. डाव्या डोळ्याला अ‍ॅक्सिस ९०. तिथे जास्तीचा एक नंबर आडव्या दिशेत येतो, म्हणजे कानाकडच्या कडेला तुमचा नंबर मायनस सात धरायचा. तुमच्या सध्याच्या फ्रेममध्ये १.६ ची काच असेल तर उजवी ६.६ आणि डावी साडेसातच्या घरात. सिलेंडर कमी असूनही काच जास्त जाड.

ही गोष्ट फ्रेम निवडताना लक्षात ठेवा. उघडी कड असलेल्या फ्रेममध्ये, म्हणजे रिमलेस किंवा सुप्रात, दोन काचांमधला हा फरक समोरच्याला दिसतो. फुल रिममध्ये तो बऱ्यापैकी झाकला जातो.

नेहा_ऑप्टोमेट्रिस्ट

अनंतकाकांनी जाडीचं छान सांगितलं. मी टिकाऊपणाच्या बाजूने लिहिते, कारण मुक्ताच्या प्रश्नात हेल्मेट आहे आणि माझ्या मते निर्णय तिथेच होतो.

फुल रिममध्ये ताण फ्रेम घेते आणि काच नुसती खाचेत बसलेली असते. रिमलेसमध्ये तसं नाही. तिथे काच हाच चष्म्याचा सांगाडा असतो. पूल आणि दोन काड्या काचेला भोकं पाडून जोडलेल्या असतात, त्यामुळे काडी ओढली की तो सगळा जोर भोकाच्या कडेवर येतो. हेल्मेट घालताना काड्या बाहेर फाकतात, काढताना गालाचं पॅडिंग काडीला वर उचलतं. एका हाताने चष्मा काढायची सवय असेल तर पिळाही पडतो. हे रोज होत राहिलं की आधी भोकाशी फट पडते, मग काच हलायला लागते आणि शेवटी भोकापासून कडेकडे केसासारखी रेष जाते.

घरी तपासायचं असेल तर सोपं आहे. पूल दोन बोटांत धरा आणि काच हलकेच मागेपुढे करा. टिकटिक जाणवली तर भोक सैल आहे. मग खिडकीसमोर तिरकी धरून भोकाभोवती बघा. रेष दिसली तर ती काच वाचत नाही. नुसतं सैल असेल तर वेळेत घट्ट करून मिळतं. फेविक्विक लावू नका. त्याने सांधा कडक होतो, कोटिंगवर पांढरे डाग पडतात आणि नंतर फिटरला तो उघडताही येत नाही.

म्हणून भोक पाडायच्या काचेचं मटेरियल फार महत्त्वाचं. साधी १.५ ची काच भोकाशी तडकते. १.७४ सुद्धा त्या मानाने ठिसूळ, मी रिमलेससाठी सहसा सुचवत नाही. पॉलिकार्बोनेट, ट्रायव्हेक्स आणि १.६ मधली एमआर-८ ही भोकाला चांगली. त्यामुळे कुणी "रिमलेस आणि १.७४" अशी जोडी सुचवली तर भोकाची हमी कोण घेणार हे आधी विचारा.

अनंत_फिटर

नेहाताईंशी सहमत, फक्त माझी पसंती पॉलिकार्बोनेटला. कारखान्यातल्या, जिमच्या, सतत चष्मा आपटणाऱ्या लोकांच्या रिमलेस मी पॉलित केल्यात आणि त्या काचा भोकाशी तडकून परत आलेल्या मला फार कमी दिसल्या. इंडेक्स १.५९ म्हणजे जाडी १.६ सारखीच, आणि वजन त्याहून कमी.

नेहा_ऑप्टोमेट्रिस्ट

काका, मजबुतीबद्दल वाद नाही. पण मुक्ताचा नंबर सहा आणि काम स्क्रीनवर. पॉलिचा अ‍ॅबे ३० च्या आसपास, एमआर-८ चा ४१; हा आकडा जितका कमी तितकी रंगांची किनार जास्त. मायनस सहाला काचेच्या कडेने बघितलं की पॉलितून पांढऱ्या अक्षरांना निळी-पिवळी किनार दिसते. सगळ्यांना त्रास होत नाही, पण काळ्या स्क्रीनवर पांढरा कोड वाचणारे हमखास तक्रार घेऊन येतात. शिवाय पॉलिला अ‍ॅसिटोन चालत नाही. नेलपॉलिश रिमूव्हरचा बोळा चुकून लागला तरी काच जाते.

अनंत_फिटर

किनारीची तक्रार माझ्यापर्यंत क्वचितच आली. पण माझ्याकडे लोक तुटलेला चष्मा घेऊन येतात, दिसण्याची तक्रार घेऊन तुमच्याकडे जातात, हेही खरं. मुक्ताताईंच्या बाबतीत एमआर-८ ला माझी हरकत नाही. कारखान्यातल्या माणसाला मी पॉलिच देईन.

हर्षद_डोंगरवाटा

सुप्राबद्दल कुणी बोलत नाहीये म्हणून लिहितो. मी सुप्रा वापरतो. खालून काच उघडी, त्यामुळे खाली पायाकडे बघताना फ्रेमची कड मध्ये येत नाही. गड उतरताना हे फार बरं पडतं. पण राजगडावर एकदा तार सुटली आणि काच हातात आली. नशिबाने गवतात पडली, उरलेला दिवस एका डोळ्यावर काढला. दुकानात नवीन तार दहा मिनिटांत घालून दिली. प्रश्न असा की तार सुटणार हे आधी कळतं का? आणि नायलॉनऐवजी धातूची तार घालून मिळते का?

अनंत_फिटर

कळतं. काचेवर अंगठा ठेवून ती फ्रेममध्ये गोल फिरवायचा प्रयत्न करा. अजिबात हलायला नको. जराशी जरी फिरली तरी तार ताणली गेली आहे असं समजा. नायलॉन उन्हाने, घामाने आणि वयाने ढिलं पडतं. गाडीच्या डॅशबोर्डवर एप्रिल-मे महिन्यात चष्मा ठेवला की तार ढिली पडते आणि काचेच्या कोटिंगलाही बारीक जाळी पडते. तार स्वस्त असते, वर्षातून एकदा न तुटताच बदलून घ्यावी.

आणि सिलेंडर असेल तर हे जास्तच महत्त्वाचं. काच सुटून पडली नाही, नुसती फिरली, तरी अ‍ॅक्सिस बदलतो. माणसाला वाटतं नंबर वाढला. डोकं दुखतं, नवीन तपासणी होते, आणि मूळ दुखणं तारेचं असतं. गोल काचांच्या सुप्रामध्ये हे सगळ्यात जास्त, कारण फिरायला कोपराच आडवा येत नाही.

धातूची तार असलेल्या फ्रेम असतात, पण त्या तशाच बनवलेल्या असतात. नायलॉनच्या फ्रेममध्ये धातूची तार घालू नका. खाचेची कड चिरते.

नेहा_ऑप्टोमेट्रिस्ट

खाचेचा मुद्दा पुढे नेते. सुप्रासाठी काचेच्या जाडीतच खाच पाडावी लागते. त्यामुळे काच जिथे सगळ्यात पातळ असेल तिथेही साधारण दोन मिलिमीटर जाडी हवी, नाहीतर खाचेच्या दोन्ही बाजूंच्या भिंती इतक्या बारीक राहतात की कडेचे कपचे उडतात. मायनसमध्ये कड जाडच असते, म्हणून मायनस सहाला सुप्रा आरामात बसते. टिळक रोडचा सल्ला या अर्थाने चूक नव्हता.

जोशीकाका_सदाशिव

मग प्लसचं काय? माझ्या काचा पातळ आहेत असं मी म्हणालो त्यावर कुणीच काही बोललं नाही.

अनंत_फिटर

काका, प्लसमध्ये सगळं उलटं. तुमची काच मध्ये जाड आणि कडेला पातळ. फुल रिम धातूची फ्रेम असेल तर कड एक मिलिमीटरपर्यंत उतरवता येते, कारण ती फक्त खाचेत बसवायची असते. रिमलेसमध्ये त्याच कडेला भोक पाडायचं आहे, म्हणून कड दोन मिलिमीटर तरी ठेवावी लागते. कड एक मिलिमीटरने वाढली की अख्खी काच एक मिलिमीटरने वाढली. साध्या १.५ मध्ये, सेंटर बरोबर मध्यावर येत असेल आणि काच ५४ रुंद असेल, तर प्लस साडेतीनला फुल रिममध्ये मध्ये साधारण साडेतीन मिलिमीटर लागते आणि रिमलेसमध्ये साडेचार.

म्हणजे तुमच्या नंबराला रिमलेसने काच पातळ होत नाही, उलट वाढते. तुम्हाला पातळ वाटते कारण प्लसची जाडी मध्ये असते आणि समोरून दिसत नाही. हलकं वाटतं ते मात्र खरं. रिमलेसची धातूची साधनं नावापुरतीच असतात.

जोशीकाका_सदाशिव

आत्ता स्केल लावून पाहिलं. मधली जाडी मोजता येत नाही, पण कड दोनच्या वरच आहे. तरी मी रिमलेस सोडणार नाही, चेहऱ्यावर काही नाही असं वाटतं तेच मला हवंय. मुलीला मात्र सांगेन, तिचा नंबर प्लस पाच आहे आणि तीही हीच फ्रेम मागत होती.

सई_धायरी

सगळ्यांना नमस्कार. माझा मुलगा नऊ वर्षांचा, मायनस अडीच. त्याला त्याच्या काकासारखी रिमलेस हवी आहे. रिमलेसमध्ये कडेने चष्म्याशिवाय दिसतं, त्यामुळे नंबर वाढतो असं ऐकलं. फुल रिम घेतली तर नंबर थांबेल का?

नेहा_ऑप्टोमेट्रिस्ट

सईताई, रिमचा आणि नंबर वाढण्याचा संबंध नाही. फ्रेम कुठलीही घेतली तरी त्याने नंबर थांबत नाही. वाढतोय अशी शंका असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नियमित तपासणी करा, वाढीचा वेग कमी करायचे उपाय तेच सांगतील.

पण नऊ वर्षांच्या मुलाला रिमलेस नकोच, ते टिकाऊपणामुळे. मैदानात बॉल लागला, कुणी चष्मा ओढला, तर भोकाशीच तुटणार आणि तुकडा डोळ्याजवळ. पूर्ण रिमची, प्लास्टिकची, नाकावर नीट बसणारी फ्रेम आणि पॉलिकार्बोनेटची काच. इथे मी अनंतकाकांच्या बाजूने. या वयात किनारीपेक्षा काच न फुटणं मोठं.

मुक्ता_कर्वेनगर

खूप खूप आभार. काल कागद-पेन घेऊन बसले आणि घरातल्या सगळ्या जुन्या फ्रेमचे आकडे वाचले. कॉलेजमधली एक धातूची ४९□१९ निघाली. तो चष्मा मला कधी जड वाटल्याचं आठवत नाही, आता कारण कळतंय.

दोन प्रश्न. एक, माझा चेहरा थोडा रुंद आहे. ४८ ची फ्रेम घातली तर चष्मा चेहऱ्यावर रुतल्यासारखा दिसतो आणि काड्या कानशिलावर दाबतात. दुसरं, रिमलेस पूर्ण बाद समजायची का? मला ती दिसायला फार आवडते.

अनंत_फिटर

रुंद चेहऱ्याला काच मोठी घ्यायची गरज नाही, फ्रेम रुंद घ्यायची. काच ४८-४९ ची, पूल २०-२१ चा आणि काचेच्या बाहेर बिजागरीपर्यंतचा तुकडा लांब, अशा फ्रेम मिळतात. काडी तिथून सुरू होते, त्यामुळे कानशिलावर दाब येत नाही. तुमच्यासाठी ४८□२० म्हणजे एकूण ६८, प्रत्येक बाजूला ३ सरकवणं, कड २७ वर. छान बसेल. फक्त पूल नाकाला लागतोय की नाही ते घालूनच बघा, नोजपॅड असलेली असेल तर थोडंफार जुळवता येतं.

पहिल्या निरोपात तुम्ही लिहिलं होतं की काच फ्रेमच्या मागे येते. धातूच्या बारीक रिममध्ये तेही होणारच, पाच मिलिमीटरची कड दोन मिलिमीटरच्या रिममध्ये लपत नाही. फिटरला सांगा की खाचेची धार पुढच्या बाजूला ठेवा, म्हणजे समोरून काच रिमच्या पुढे येत नाही. पण फार मागे गेली तर काडी मिटताना काचेच्या कडेला अडते आणि चष्मा पूर्ण बंद होत नाही. घेताना दुकानातच दोन्ही काड्या मिटून बघा. आणि नाकाकडच्या बाजूला नोजपॅडची तार काचेच्या कडेला टेकतेय का तेही.

रिमलेस बाद नाही. उलट तिचा एक फायदा लोकांना कुणी सांगत नाही. रिमलेसला काचेचा आकार ठरलेला नसतो. दुकानात दाखवलेली डेमो काच ५४ ची असली तरी तुमची काच ५० ची कापता येते. पूल आणि काड्या त्याच. भोकाची जागा तेवढी आकाराप्रमाणे नवीन काढायची. चष्म्याची एकूण रुंदी तेवढी कमी होते, म्हणून चेहऱ्यावर मापून ठरवायचं. फुल रिममध्ये हे शक्यच नाही.

हर्षद_डोंगरवाटा

काका, कडेला पॉलिश करून घ्यावी का? माझ्या सुप्राची कड चमकते, बाजूने बघितलं की काचेत पांढरी वर्तुळं दिसतात.

अनंत_फिटर

ती वर्तुळं मायनसमध्ये कडेच्या प्रतिबिंबाची. पॉलिश केली की कड काचेसारखी स्वच्छ दिसते, पण वर्तुळं कायम राहतात, काही कोनातून जास्तच. मॅट ठेवली तर कड दुधाळ दिसते पण चमकत नाही. मी उणे पाचच्या पुढे रिमलेसला पॉलिश करतो, फुल रिममध्ये मॅट ठेवतो. अँटीग्लेअर दोन्हीकडे लावली तर वर्तुळं बरीच फिकी होतात.

रोहित_बाणेर

मी माझी फ्रेम मोजली. ५५□१७, पीडी ६४. म्हणजे प्रत्येक बाजूला ४ सरकवलं आहे, कड साडेएकतीसवर. ५० ची फ्रेम घेतली असती तर १.६ मध्येही आत्ताच्या इतकीच जाडी आली असती असं दिसतंय. तरी एक सांगतो, मला ५० चा चष्मा चेहऱ्यावर आवडत नाही. मोठी फ्रेम हवीच असेल त्याला १.७४ शिवाय पर्याय काय?

नेहा_ऑप्टोमेट्रिस्ट

पर्याय नाही, आणि त्यात काही गैरही नाही. फक्त मोठी फ्रेम आणि १.७४ घेतली तर ती फुल रिममध्ये घ्या. भोकही नको आणि तारेची खाचही नको. शेलची जाड कड तीन-चार मिलिमीटर सहज झाकते.

मुक्ता_कर्वेनगर

आज ठरवून आले. टायटेनियमची बारीक फुल रिम, ४८□२०, काच १.६ एमआर-८, दोन्ही बाजूंना अँटीग्लेअर. दुकानदाराला खाचेची धार पुढे ठेवा म्हटलं तर त्यांनी विचारलं, "तुम्ही याच लाइनमधल्या का?" पीडी पुन्हा मोजायला लावली, दोन्ही डोळ्यांची वेगवेगळी: उजवा ३०.५, डावा ३१.५. डाव्या काचेची कड साडेपाचच्या आसपास येईल असं म्हणाले, तुमच्या हिशेबाशी जुळतंय.

घरातल्या वापरासाठी जुन्या रिमलेसमध्ये ५० च्या काचा करून घ्यायचा विचार आहे, तिथे हेल्मेट नाही. ती स्क्रूची आहे. दुकानदार म्हणतात स्क्रू टाकून द्या, आता बुशची पद्धत चांगली, भोकाला ताण येत नाही. हे खरं का?

नेहा_ऑप्टोमेट्रिस्ट

माझ्या मते खरं. बुशमध्ये प्लास्टिकची नळी भोकात बसते आणि पिन त्यात दाबली जाते, ताण भोकाच्या सगळ्या कडेवर वाटला जातो. स्क्रू सैल होतो, लोक स्वतःच पिळतात, आणि वॉशर नसेल तर काच तिथेच चिरते.

अनंत_फिटर

वॉशर नीट असेल आणि वेळेवर घट्ट केला तर स्क्रू वर्षानुवर्षं चालतो, आणि सुट्टा स्क्रू कुठल्याही दुकानात मिळतो. बुश एकदा काढली की ती फेकायची, नवीन त्याच मापाची लागते, आणि त्या कंपनीची नसेल तर काम अडतं. मुक्ताताई, तुमच्या फ्रेमला स्क्रूची भोकं आणि खिट्ट्या आहेत, ती बुशवर नेता येत नाही. त्यात स्क्रूच ठेवा. नवीन घ्याल तेव्हा आधी विचारा की त्या बुशा दुकानात ठेवतात का.

नेहा_ऑप्टोमेट्रिस्ट

शेवटच्या वाक्याशी सहमत. बाकीच्या बाबतीत काका, आपलं जमणार नाही असं दिसतंय.

सई_धायरी

मुलाला लाल रंगाची फुल रिम आवडली, ४५□१६. मागे लावायचा पट्टाही घेतला. पीडी ५४ आहे, म्हणजे फरक ७. ठीक आहे ना?

अनंत_फिटर

ताई, साडेतीन सरकवणं. मायनस अडीचला काही अडचण नाही. कड साधारण तीन-साडेतीनच्या आत राहील, प्लास्टिकच्या रिममध्ये दिसणारही नाही.